कॉन्सल राहिले, प्रजासत्ताक गेले

इ.स.पू. 27 सालच्या जानेवारीची 13 तारीख. पस्तीस वर्षांचा ऑक्टेव्हियन रोमच्या सिनेटसमोर उभा राहिला आणि त्याने आपले सारे विशेषाधिकार सोडत असल्याचे जाहीर केले. सैन्य, प्रांत, कायदे, सगळे सिनेट आणि जनतेच्या हाती परत! चार वर्षांपूर्वी ॲक्टियमच्या समुद्रात त्याने अँटनी आणि क्लिओपात्राचा पराभव केला होता. त्याला आव्हान देईल असा सेनापती आता उरलेला नव्हता. तरीही तो सत्ता परत करत होता.

सिनेटने त्याला थांबण्याची गळ घातली. अखेर स्पेन, गॉल आणि सीरिया हे प्रांत त्याने दहा वर्षांसाठी सांभाळावेत असे ठरले. इजिप्त आधीच त्याच्या ताब्यात होते. उरलेले प्रांत सिनेटच्या वाट्याला आले. वाटणी समंजस दिसत होती, पण रोमच्या बहुतेक फौजा नेमक्या त्याच्या प्रांतांमध्ये तैनात होत्या. तीन दिवसांनी सिनेटने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली. रोमचा पहिला सम्राट म्हणून इतिहास ओळखतो तो हाच. मात्र प्रजासत्ताक बरखास्त झाल्याची घोषणा त्या दिवशीही झाली नाही आणि नंतरही कधी झाली नाही.

परंपरेनुसार इ.स.पू. 509 मध्ये रोमन लोकांनी शेवटच्या राजाला हाकलले आणि पुन्हा कोणी राजा होऊ नये म्हणून सत्तेचे तुकडे केले. सर्वोच्च पद कॉन्सलचे. पण दर वर्षी दोन कॉन्सल निवडले जात आणि एकाचा निर्णय दुसरा रोखू शके. वर्ष संपले की दोघेही पायउतार. सामान्य जनतेच्या रक्षणासाठी ट्रिब्यून असत. कोणत्याही अधिकाऱ्याच्या निर्णयाला ते नकाराधिकार वापरून अडवू शकत आणि त्यांच्या अंगाला हात लावणे हे महापातक मानले जाई. सिनेट ही मुख्यतः आजी-माजी अधिकाऱ्यांची सभा होती. तिला कायदे करण्याचा हक्क नव्हता, पण तिचा सल्ला सहसा कोणी डावलत नसे. मोठे संकट आले तर डिक्टेटर नेमता येई, पण जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी.

सत्तेची विभागणी आणि मुदत, या दोन गोष्टींवर सारे तोललेले होते. दोन्ही ढासळल्या त्या सैन्यामुळे.

पूर्वी रोमचा सैनिक हा स्वतःची जमीन असलेला शेतकरी असे. मोहीम संपली की तो घरी परते. पण लढाया दूरदेशी आणि वर्षानुवर्षे चालू लागल्या. इ.स.पू. 107 मध्ये कॉन्सल मारियसने भूमिहीनांनाही फौजेत घेतले. या सैनिकांना परतायला शेत नव्हते आणि निवृत्त सैनिकांची सोय करणारी कोणतीही कायमची व्यवस्था राज्याकडे नव्हती. जमीन मिळालीच, तर ती आपल्या सेनापतीच्या वजनामुळे मिळे. साहजिकच त्याची निष्ठाही सेनापतीकडे वळली.

याचा अर्थ रोमला इ.स.पू. 88 मध्ये कळला. पूर्वेकडच्या एका मोठ्या मोहिमेचे नेतृत्व कॉन्सल सुल्लाला मिळाले होते. विरोधकांनी जनसभेत कायदा करून ते काढून घेतले आणि मारियसला दिले. सुल्ला आपल्या फौजेपुढे गेला. मोहीम हुकली तर लूटही हुकणार, हे सैनिकांना लगेच उमगले. तो रोमवर चालून निघाला, तेव्हा एक अपवाद वगळता त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी साथ सोडली. सैनिक मात्र त्याच्याबरोबर गेले. रोमन कॉन्सलने रोमन फौजेनिशी रोम जिंकले होते. पुढे सुल्ला मुदतीचे बंधन नसलेला डिक्टेटर झाला, विरोधकांच्या नावांच्या याद्या लावून त्याने त्यांची कत्तल करवली आणि त्यांच्या जमिनी आपल्या सैनिकांत वाटल्या. नंतर त्याने सत्ता सोडली, पण वाट कायमची दिसली होती.

पुढची चाळीस वर्षे त्याच वाटेवर गेली. पाँपीच्या निवृत्त सैनिकांना जमीन देण्यात सिनेटने टाळाटाळ केली. ती इ.स.पू. 59 मध्ये कॉन्सल झालेल्या सीझरने मिळवून दिली. सीझरने मग गॉलमध्ये जवळपास दशकभर लढून स्वतःची निष्ठावान फौज घडवली आणि इ.स.पू. 49 मध्ये रुबिकॉन नदी ओलांडून यादवी पेटवली. इ.स.पू. 44 मध्ये तो तहहयात डिक्टेटर झाला आणि काही आठवड्यांतच, 15 मार्चला, सिनेटरांनी त्याला भोसकून मारले.

मृत्युपत्रात सीझरने दत्तक घेतलेला त्याच्या भाचीचा मुलगा म्हणजे ऑक्टेव्हियन. उघड राजेपण रोमला सोसत नाही, हा धडा त्याला त्या खुनाने दिला होता. म्हणून त्याने नवे पद निर्माण केले नाही. जुन्या पदांतले अधिकार तेवढे काढून घेतले.

इ.स.पू. 31 पासून तो दर वर्षी कॉन्सल होत होता. त्यामुळे इतरांसाठी एकच जागा उरे आणि मानी घराणी नाराज होत. इ.स.पू. 23 मध्ये त्याने कॉन्सलपद सोडले. मोबदल्यात त्याला ट्रिब्यूनचे अधिकार मिळाले. कुलीन घराण्यात गणला जात असल्याने तो ट्रिब्यून होऊच शकत नव्हता. तरी नकाराधिकार, सिनेट बोलावण्याचा आणि कायदे मांडण्याचा हक्क त्याच्याकडे आला. शिवाय सिनेटच्या प्रांतांतही त्याचा शब्द तिथल्या राज्यपालांपेक्षा वरचढ ठरला. यातला प्रत्येक अधिकार रोमच्या ओळखीचाच होता. ते सारे एकाच माणसाकडे आणि वर्षामागून वर्षे असणे, हे मात्र नवे होते.

याचा अर्थ व्यवहारात काय, हे त्याच सुमाराच्या एका खटल्यात दिसले. मॅसिडोनियाचा राज्यपाल मार्कस प्रायमस याच्यावर परवानगीविना युद्ध केल्याचा आरोप होता. हा प्रांत सिनेटचा. तरी प्रायमसने बचावात सांगितले की, ऑगस्टसचा तसा आदेश होता. ऑगस्टस कोणी न बोलावताच न्यायालयात आला आणि त्याने आदेशाचा इन्कार केला. बचावाचे काम पाहणाऱ्या मुरेनाने त्याला खडसावून विचारले, तुम्ही इथे कशासाठी, तुम्हाला कोणी बोलावले? जनहिताने, असे उत्तर आले. काही पंचांनी तरीही प्रायमसच्या बाजूने कौल दिला. थोड्याच काळात मुरेनावर ऑगस्टसविरुद्ध कट केल्याचा आरोप झाला आणि त्याला ठार करण्यात आले.

केवळ धाकाने मात्र हे टिकले नसते. इ.स.पू. 22 मध्ये पूर आणि दुष्काळाने गांजलेल्या जमावाने सिनेटला घेरले आणि ऑगस्टसला डिक्टेटर करा, असा आग्रह धरला. त्याने ते पद नाकारले, पण शहराच्या धान्यपुरवठ्याची जबाबदारी घेतली. यादवीत होरपळलेल्या लोकांना भाकरी आणि शांतता हवी होती आणि दोन्ही त्याच्याकडून मिळत होते. इ.स. 6 मध्ये त्याने निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र खजिना उघडला आणि त्यासाठी वारसाहक्काच्या मालमत्तेवर 5 टक्के कर बसवला. सिनेटने शतकभर न सोडवलेला प्रश्न असा सुटला. त्याचे श्रेय आणि सैनिकांची निष्ठा सम्राटाच्या घराण्याला मिळाली.

इ.स. 14 मध्ये ऑगस्टस वारला. त्याचा सावत्र मुलगा टायबेरियस याच्याकडे ट्रिब्यूनचे अधिकार आणि सैन्याची सूत्रे आधीच होती. त्यामुळे सत्तांतर कुठेही अडले नाही. त्याच वर्षी अधिकाऱ्यांची निवड जनसभेकडून सिनेटकडे गेली. इतिहासकार टॅसिटस लिहितो की, हक्क गेल्याबद्दल लोक थोडे कुरकुरले, एवढेच. सिनेटर तर खूश झाले, कारण मतांसाठी पैसे वाटण्यातून आणि लोकांची मनधरणी करण्यातून त्यांची सुटका झाली होती.