पुढच्या तारखेचा चेक आणि ‘स्टॉप पेमेंट’

चेकची मुदत तो लिहिला त्या दिवसापासून मोजली जात नाही. ती मोजली जाते चेकवर घातलेल्या तारखेपासून, आणि त्या तारखेपासून ती तीन महिने असते. पूर्वी सहा महिने मिळत. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2012 पासून ही मुदत निम्म्यावर आणली. कारण काही जण तोवर चेक रोख रकमेसारखे या हातातून त्या हातात फिरवत राहत.

पुढची तारीख घातलेला चेक त्या तारखेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने पुरता चेक नसतोच. मागणी करताच पैसे द्यायला लावणे हे चेकचे लक्षण, आणि तारीख येईपर्यंत ते त्याला लागू पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली अनिलकुमार साहनी विरुद्ध गुलशन राय या खटल्यात असा कागद तोवर केवळ हुंडीच्या जातीचा असतो आणि लिहिलेल्या तारखेला चेक होतो, असे सांगितले. म्हणून तो आधीच बँकेत भरला, तर बँकेने तो न वटवता परत करायचा असतो. नजरचुकीने तारखेआधी पैसे दिले गेलेच, तर ती चूक बँकेची. खातेदाराने ताबडतोब लेखी हरकत घेऊन रक्कम खात्यात परत जमा करायला सांगावी.

महाराष्ट्रातील शहरांत असे चेक सर्वाधिक दिसतात ते अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात. समजा, पुण्यातील एका भाडेकरूने 1 जून 2025 पासून दरमहा 22,000 रुपये भाड्याने सदनिका घेतली आणि करार करतानाच घरमालकाकडे अकरा चेक दिले. प्रत्येकावर त्या-त्या महिन्याची 5 तारीख आहे आणि चेक क्रमांक 214501 ते 214511 आहेत. शेवटच्या चेकवर 5 एप्रिल 2026 ही तारीख असेल. तो लिहून दहा महिने होऊन गेले, तरी त्याची मुदत त्या दिवशी सुरू होते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपते. मुदतीचा अगदी शेवटचा दिवस गाठण्याचा हट्ट मात्र चेक भरणाऱ्याने धरू नये. बोटांवर केलेला हिशेब आणि बँकेच्या संगणकातला हिशेब एका दिवसाने चुकला, तरी चेक ‘मुदतबाह्य’ असा शेरा घेऊन परत येतो.

या भाडेकरूने करारातील अटीप्रमाणे एक महिन्याची नोटीस देऊन 31 डिसेंबर 2025 रोजी जागा सोडली. सात चेक वटले होते, चार घरमालकाकडे राहिले. सरळ मार्ग म्हणजे किल्ल्या देतानाच ते चार परत घेणे आणि फाडून टाकणे. पण ‘सापडले की देतो’ असे उत्तर मिळाले, तर 5 जानेवारीची वाट पाहण्यात अर्थ नाही. पुढच्या तारखेचा चेक तारीख येण्याआधी केव्हाही थांबवता येतो.

त्यासाठी नेट बँकिंगमध्ये किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये चेकच्या सेवांखाली ‘स्टॉप चेक’ हा पर्याय असतो. खाते निवडायचे, पहिला आणि शेवटचा चेक क्रमांक भरायचा, कारण निवडायचे आणि ओटीपी टाकायचा. येथे 214508 ते 214511 हे चारही चेक एकाच विनंतीत थांबवता येतात. चेक क्रमांक म्हणजे चेकच्या तळाशी छापलेल्या ओळीतील पहिले सहा आकडे. त्यापुढचे नऊ आकडे बँक आणि शाखा सांगतात, त्यांच्याशी गल्लत होऊ देऊ नये. एक आकडा चुकला तरी भलताच चेक अडतो आणि नको तो वटतो. शाखेत अर्ज द्यायचा असल्यास खाते क्रमांक, चेक क्रमांक, तारीख, रक्कम, कोणाच्या नावे आणि कारण एवढे लिहून बँकेत नोंदवलेली सहीच करावी, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का व वेळ घालून पोच घ्यावी. पोच नसेल, तर चेक वटल्यावर अर्ज आधी दिला होता की नंतर, हे सिद्ध करता येत नाही. बँका या सेवेसाठी शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. अनेक ठिकाणी ओळीने असलेल्या क्रमांकांचा गट थांबवणे सुट्या चेकच्या हिशेबाने स्वस्त पडते.

विनंती करण्याआधी पासबुकात किंवा अ‍ॅपवर चेक वटला आहे का, हे पाहावे. वटलेल्या चेकला स्टॉप पेमेंटचा काही उपयोग नसतो. ही घाई आता जास्त करावी लागते. पूर्वी क्लिअरिंगला एखादा दिवस लागे. 4 ऑक्टोबर 2025 पासून ठरलेल्या वेळेत आलेले चेक दिवसभर पुढे पाठवले जातात आणि पैसे देणाऱ्या बँकेने त्याच संध्याकाळी 7 पर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. काहीच कळवले नाही, तर होकार धरला जातो. सकाळी भरलेला चेक दुपारच्या चहापर्यंत वटलेला असू शकतो.

स्टॉप पेमेंटमुळे पैसे अडतात, देणे मात्र मिटत नाही. थांबवलेला चेक ‘खातेदाराने पेमेंट थांबवले’ अशा शेऱ्याच्या मेमोसह परत येतो, आणि तेवढ्यावरून फौजदारी टळते असा समज चुकीचा आहे. मोदी सिमेंट्सच्या खटल्यात 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पेमेंट थांबवल्यानेही कलम 138 लागू होऊ शकते. चेक भरणाऱ्याने मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात तक्रार करायची. दोष ठरला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. चेक देण्यामागे देणे होतेच, असे न्यायालय आधी गृहीत धरते. ते नव्हते हे दाखवणे चेक देणाऱ्याकडे असते. खात्यात पुरेशी रक्कम होती आणि थांबवायला योग्य कारण होते, हे त्याला पुराव्याने दाखवता आले, तर बचाव टिकतो.

पुण्याच्या भाडेकरूची बाजू म्हणूनच भक्कम आहे. जानेवारीपासून तो जागेत नाही, भाडे देय नाही, नोटिशीची प्रत आणि किल्ल्या दिल्याची पोच त्याच्याकडे आहे. पेमेंट थांबवल्याचे घरमालकाला लेखी कळवणे आणि खात्यात 22,000 रुपये राहू देणे एवढेच त्याने आणखी करावे. करारात वर्षभर जागा न सोडण्याची अट असती, तर चित्र पालटले असते. उरलेल्या महिन्यांचे देणे आहे की नाही, हाच वादाचा मुद्दा झाला असता.

मुदत संपलेल्या चेकचेही असेच आहे. चेक निकामी झाला तरी मूळ देणे उरते. देणाऱ्याने नवी तारीख घालून पूर्ण सही केली, तर तो पुन्हा चालू शकतो. हल्लीच्या सीटीएस चेकवर रक्कम किंवा नाव खोडून बदलता येत नाही, तारखेपुरती मुभा आहे. तरीही नवा चेक मागणे कमी कटकटीचे.

तारीखच न घालता सही करून दिलेल्या चेकला मात्र तीन महिन्यांचे संरक्षण नाही. ज्याच्या हाती तो आहे, त्याला पुढे तारीख भरता येते, आणि मुदत त्या तारखेपासून धावू लागते. असा चेक हरवला, तर त्यावरची स्टॉप पेमेंटची नोंद कधीच काढू नये.