वजन वाढवा, पण पोट नको : बॉडी बनवताना जादा किती खावे?

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा. कुठल्याही वस्तीत पहाटे पाच वाजता जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मैदानावर धावताना दिसतात. त्यातली बरीच अंगाने किडकिडीत असतात. छाती फुगवायची, दंड भरायचे म्हणून ती संध्याकाळी जिममध्ये जातात आणि तिथे पहिला सल्ला मिळतो, "आधी दाबून खा, वजन वाढव, मग चरबी कापू." जिमच्या भाषेत याला डर्टी बल्क म्हणतात. मग वडापाव, समोसे, साखर घातलेला बनाना शेक, थंड पेय आणि दोन-अडीच हजारांचा गेनरचा डबा सुरू होतो. दोन महिन्यांत काट्यावर सहा किलो वाढलेले दिसतात. घरातले खूश होतात. पण पोरगा १६०० मीटरला मागे पडू लागतो आणि कुणाला कारण कळत नाही.

कारण साधे आहे. वाढलेल्या सहा किलोंत स्नायू थोडा आणि चरबी जास्त. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची उंची निदान १६५ सेंटिमीटर आणि छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते. त्यानंतर ५० गुणांची मैदानी चाचणी, म्हणजे १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. वाढलेल्या वजनाला गुण नाहीत. स्नायू वाढला तर गोळा लांब जातो. चरबी वाढली तर पाठीवर चार किलोंची पिशवी बांधून धावल्यासारखे होते.

गवंडी आणि विटा

आपल्या घरात कुणी ना कुणी बांधकामावर जातेच, म्हणून त्याच भाषेत सांगते. एक गवंडी दिवसभरात ठरावीकच भिंत उचलतो. त्याच्यासमोर एका ट्रॅक्टरऐवजी चार ट्रॅक्टर विटा ओतल्या म्हणून भिंत चौपट उंच होत नाही. जास्तीच्या विटा अंगणात पडून राहतात. शरीराचेही तसेच आहे. व्यायामाने स्नायूला ताण बसला की शरीर तो दुरुस्त करते, थोडा जाड करते. पण या कामाला वेग असतो. नव्याने वजन उचलू लागलेला तरुण चांगला व्यायाम, चांगली झोप आणि चांगले जेवण असताना महिन्याला साधारण अर्धा ते एक किलो स्नायू बांधू शकतो. जुन्या व्यायामपटूचा वेग याहून बराच कमी असतो. त्यापुढचे अन्न शरीर टाकून देत नाही, ते चरबी करून ठेवते.

शिवाय स्नायूत तीन-चतुर्थांश पाणीच असते. एक किलो स्नायू बांधायला जेवढे जादा अन्न लागते, ते लोकांना वाटते त्यापेक्षा खूप कमी असते. एक किलो चरबीत मात्र सुमारे ७७०० कॅलरी साठतात. रोज हजार कॅलरी जादा खाल्ल्या तर महिन्याला तीस हजार होतात. तेवढ्या विटा लावायला गवंडी आणणार कुठून?

हे मोजून पाहिलेले आहे. नॉर्वेत वजनाचा व्यायाम करणाऱ्या खेळाडूंचे दोन गट करून ८ ते १२ आठवडे तपासले, तो अभ्यास २०१३ साली छापून आला. एका गटाला आहारतज्ज्ञांनी ठरवून जास्त खायला लावले, दुसरा गट आपल्या भुकेप्रमाणे जेवला. पहिल्या गटाने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त खाल्ल्या. चरबी सोडून शरीराचे वजन पहिल्या गटात सरासरी १.७ किलो वाढले, दुसऱ्यात १.२ किलो. हा फरक इतका लहान की तो खात्रीचा मानता आला नाही. चरबी मात्र पहिल्या गटात १.१ किलो वाढली आणि दुसऱ्यात फक्त ०.२ किलो. जास्तीचे अन्न कुठे गेले ते यावरून दिसते.

आपल्या अंगात चरबी लपते

यात आपल्या देशातल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. आपला माणूस बारीक दिसतो, पण त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि ती पोटाभोवती जमते. पोटाची चरबी ही मधुमेहाची वाट आहे. म्हणून "बारीक आहे, काहीही खाऊ दे" हे आपल्या पोरांना लागू पडत नाही. आधीच कमी स्नायू असलेल्या अंगावर चरबी चढवून हाती काही लागत नाही.

मग जादा किती?

रोजच्या गरजेपेक्षा साधारण दहा टक्के जास्त, आणि व्यायामात अगदी नवा असेल तर फार तर वीस टक्के. वजन आठवड्याला शरीराच्या पाव ते अर्धा टक्का वाढावे. याला लीन बल्क म्हणतात. एक उदाहरण घेऊन हिशेब करू.

समजा वीस वर्षांचा मुलगा आहे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. सकाळी चहा आणि खारी, दिवसभरात चार ज्वारीच्या भाकरी, भाजी, वरण, रात्री भात. महिनाभर वजन ५४ वरच आहे. याचा अर्थ हे जेवण त्याच्या गरजेएवढे आहे, साधारण २३०० कॅलरी. दहा टक्के म्हणजे जादा २३०. एवढ्याशा आकड्याने पोरं निराश होतात, कारण एका वडापावातच हे भरून जाते. पण हाच बरोबर आकडा आहे.

आता प्रश्न हा की त्या २३० कॅलरीत काय घालायचे. स्नायूच्या विटा म्हणजे प्रथिने. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम पुरतात, म्हणजे या मुलाला रोज ८६ ग्रॅम. वरच्या जेवणात ती ५० ग्रॅमच्या आसपास मिळतात. उरली ३५. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकते आणि सोयावडी प्रत्येक किराणा दुकानात मिळते. ५० ग्रॅम कोरड्या सोयावडीत सुमारे २६ ग्रॅम प्रथिने आणि १७० कॅलरी असतात. दोन अंड्यांत १२ ग्रॅम प्रथिने आणि १४० कॅलरी. झाली ३८ ग्रॅम प्रथिने आणि ३१० कॅलरी. सकाळची खारी बंद केली की साधारण १०० कॅलरी कमी होतात. उरले २१० जादा. हिशेब जमला, आणि गेनरचा डबा लागला नाही. डबा घेतलाच असेल तर त्यावरचा तक्ता वाचा. बहुतेक गेनरमध्ये प्रथिनांच्या कितीतरी पट जास्त साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन हे साखरेसारखेच पीठ असते.

सोया नको असेल त्या दिवशी चिकन, मासळी, सुकट किंवा शेंगदाणे-डाळ चालतील. सुकटीत मीठ असते, ती धुऊन घ्यावी. शेंगदाण्यांत तेल जास्त, म्हणून ते मोजून, एक मूठ.

काटा आणि टेप

आठवड्यातून तीन वेळा, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही न खाता वजन करा आणि तिन्ही आकड्यांची सरासरी लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, कारण खारट जेवण किंवा भात जास्त झाला तरी एक किलो पाणी वाढते. पहिल्या आठवड्यातली उडी बहुतेक पाण्याचीच असते. त्याच सकाळी बेंबीच्या रेषेत शिंप्याच्या टेपने पोट मोजा, श्वास सोडून, टेप न आवळता.

आपल्या ५४ किलोंच्या मुलाचे वजन आठवड्याला १३५ ते २७० ग्रॅम, म्हणजे महिन्याला अर्धा ते एक किलो वाढले पाहिजे. महिन्यात अर्धा किलोही वाढले नाही तर आणखी एक छोटी मूठ शेंगदाणे किंवा अर्धी भाकरी वाढवा. वजन एक किलोपेक्षा जास्त आणि त्याबरोबर पोटही सलग दोन पंधरवडे वाढत गेले तर रात्रीचा भात निम्मा करा, अंडी-सोया तशीच ठेवा. वजन वाढते आहे, पोट जवळपास तेवढेच आहे, आणि जोर-बैठका किंवा उचललेले वजन दर आठवड्याला थोडे पुढे सरकते आहे, तर स्नायू बनतो आहे. वजन वाढते पण ताकद आहे तिथेच, तर अन्न व्यायामाच्या पुढे गेले. व्यायामच नसेल तर हे २३० सुद्धा पोटावर जातील.

अंग जड होईल तशी गरजही थोडी वाढते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी वाढ थांबली तर घाबरू नका, पुन्हा थोडी भर घाला. सहा महिन्यांत ५४ चे ५७-५८ झाले तर उत्तम काम झाले.

कुठे थांबायचे

पोटभर जेवूनही वजन घटत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, फार तहान आणि लघवी होत असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी आणि रक्तातली साखर तपासून घ्या. क्षय आणि मधुमेह आहाराने बरे होत नाहीत. ज्याचे पोट आताच ९० सेंटिमीटरच्या पुढे आहे, त्याने जादा खाऊच नये, नेहमीच्या जेवणात प्रथिने वाढवून व्यायाम करावा.

आणि वजन वाढवायच्या म्हणून सुट्या पुडीत मिळणाऱ्या गोळ्या घेऊ नका. त्यांत स्टिरॉइड असले तर पंधरा दिवसांत गाल भरतात, चेहरा गोल होतो आणि लोक म्हणतात तब्येत सुधारली. ती सूज आणि चरबी असते. अशा गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. महिन्याला तीन-चार किलो वाढवून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा, त्यातला स्नायू किती?