गाडी चालवतंय कोण?

महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही गाडी बांधली गेली पुण्याजवळच्या चाकणला, पण तिचा अभियांत्रिकी विकास झाला चेन्नईजवळच्या चेंगलपट्टू भागातल्या महिंद्रा रिसर्च व्हॅलीत. २०२१ मध्ये ती बाजारात आली, तेव्हा तिच्या महागड्या प्रकारांत काचेमागे एक कॅमेरा आणि पुढच्या बाजूला एक रडार होतं. गाडी पुढच्या वाहनाशी अंतर राखते, दोन पट्ट्यांच्या मधून चालते, समोर अडथळा आला तर स्वतः ब्रेक लावते, आणि जाहिरातीत या सगळ्याला ‘लेव्हल दोन’ म्हटलं जातं. अशी गाडी घेऊन कुंभकोणमहून चेन्नईच्या जुन्या रस्त्याने तिरुप्पनंदाळच्या दिशेने निघालं, तर या ‘दोन’चा नेमका अर्थ काय, हे कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा लवकर कळतं.

हे आकडे आले अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेकडून. ‘जे ३०१६’ हा तिचा दस्तऐवज २०१४ मध्ये पहिल्यांदा निघाला आणि आजवर त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या झाल्या. त्यात शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या आहेत. ‘पायरी’ म्हटलं की गाडी किती हुशार, असा समज होतो. दस्तऐवजाचा प्रश्न मात्र वेगळा आहे: स्टिअरिंग, वेग आणि रस्त्यावरची नजर यांपैकी काय कोणाकडे आहे, आणि यंत्र अडलं तर पुढे काय? त्यामुळे अचानक लागणारा आपत्कालीन ब्रेक कितीही जीव वाचवणारा असला, तरी तो पायरी शून्यवरच मोजला जातो, कारण तो क्षणभर हस्तक्षेप करतो आणि गाडी सतत चालवत नाही. वेग किंवा स्टिअरिंग यांपैकी एक गोष्ट यंत्र सतत सांभाळत असेल तर पायरी एक, दोन्ही सांभाळत असेल तर दोन. आणि पायरी दोनवरही नजर माणसाचीच असते. गाडी वळणावर स्वतः वळत असली, तरी कायद्याने आणि व्यवहारानेही ती चालवणारा ड्रायव्हरच.

आता तिरुप्पनंदाळचा रस्ता. हे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भातशेतीच्या पट्ट्यात आहे. कावेरी खोऱ्यात सुगीच्या दिवसांत भात रस्त्यावर वाळत घालतात. डांबराची अर्धी रुंदी दाण्यांनी झाकली की पांढरी पट्टी त्यांच्याखाली जाते. पट्टी दिसेनाशी झाली की कॅमेऱ्याकडे वळणासाठी आधारच राहत नाही. पडद्यावरची पट्टीची खूण मावळते आणि स्टिअरिंगची मदत सुटते. याची सूचना मिळते, पण ती छोटीशी असते, आणि ड्रायव्हरचं लक्ष तोवर गाडीच्या चालीवर विसावलेलं असतं. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. दोन सेकंद गाफील राहिलं की चव्वेचाळीस मीटर गेले.

रडारची अडचण वेगळी. ते हलणारं वाहन चांगलं ओळखतं, पण स्थिर वस्तूंवरून परतणारे संकेत त्याला सतत मिळत असतात: पाट्या, कठडे, पुलांची तुळई. प्रत्येकावर ब्रेक लावला तर गाडी चालवणं अशक्य होईल, म्हणून जास्त वेगात रडारची प्रणाली बऱ्याच स्थिर गोष्टींना गाळून टाकते. उभ्या ट्रकच्या किंवा कडेला थांबलेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हेच धोक्याचं ठरतं. कॅमेऱ्याने तो वेळीच ओळखला तर ठीक, नाहीतर ड्रायव्हरने.

याहूनही खोल प्रश्न आहे तो यंत्राच्या गृहीतकांचा, आणि त्याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरची स्वयंचलित चाचणी गाडी एका पादचारी स्त्रीला धडकली आणि तिचा मृत्यू झाला. ती सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने सगळ्या नोंदी तपासल्या. धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारने तिला टिपलं होतं, म्हणजे थांबायला पुरेसा वेळ होता. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल ठरवत राहिली. दर वेळी वर्गीकरण बदललं की आधीची वाटचाल पुसली जायची, त्यामुळे ती कुठे चालली आहे याचा अंदाज पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचा. झेब्रा क्रॉसिंगशिवाय माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यता सॉफ्टवेअरमध्ये धरलीच नव्हती. गाडीचा मूळ आपत्कालीन ब्रेकही चाचणीदरम्यान बंद होता. आत बसलेल्या ऑपरेटरची नजर बराच वेळ फोनवर होती. धडकेच्या वेळी वेग ताशी त्रेसष्ट किलोमीटरच्या आसपास होता.

सायकल हाती घेऊन मधूनच रस्ता ओलांडणारा माणूस टेम्पीत अपवाद असेल, तिरुप्पनंदाळच्या बाजारात तो रोजचाच. म्हणूनच पायरी तीनपासून पुढची प्रत्येक चर्चा एका अटीपाशी येते: ही प्रणाली कुठे, कोणत्या रस्त्यावर, किती वेगात, कोणत्या हवामानात चालेल, हे आधी ठरवून दिलेलं असतं. त्या हद्दीबाहेर तिची जबाबदारी संपते.

पायरी तीन म्हणजे त्या हद्दीत नजरही गाडीची. जपानमध्ये मार्च २०२१ मध्ये होंडाने अशी ‘लेजंड’ गाडी थोड्या संख्येने भाड्याने दिली. वर्षअखेरीस मर्सिडीजच्या ‘ड्राइव्ह पायलट’ला जर्मनीत परवानगी मिळाली, सुरुवातीला ताशी साठ किलोमीटरपर्यंत आणि ठरावीक महामार्गांवर. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार गाडीने चालकाला ताबा घ्यायला सांगितलं की त्याला निदान दहा सेकंद द्यावे लागतात. ताशी साठ वेगाला दहा सेकंद म्हणजे १६७ मीटर. तेवढ्यात चालकाने पुस्तक बाजूला ठेवून रस्ता समजून घ्यायचा, आणि ताबा नाही घेतला तर गाडीने स्वतः सुरक्षितपणे थांबायचं. दोनवर मात्र असा वेळ मिळेल याची हमी नाही. खरेदीदारांनी दोन आणि तीनमधला हा फरक सगळ्यांत जास्त समजून घ्यायला हवा, कारण वळताना दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

चौथ्या पायरीवर माणसाच्या मदतीची अपेक्षाच नसते, पण हद्द असते. वेमोच्या चालकरहित टॅक्सी २०२० पासून फिनिक्समध्ये सर्वसामान्यांना मिळू लागल्या. त्या धावतात ते तपशीलवार नकाशे काढलेल्या, ठरवलेल्या भागात. पाचवी पायरी म्हणजे माणूस जिथे गाडी चालवू शकतो तिथे सगळीकडे, भात वाळतोय त्या रस्त्यावरसुद्धा. अशी गाडी अजून कोणाकडेच नाही.

भारतात नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचं कारण देऊन चालकरहित गाड्या येऊ देणार नाही, अशी भूमिका डिसेंबर २०२३ मध्ये मांडली. ती कायम राहो वा बदलो, आपल्या रस्त्यांवर सध्या खरा उपयोग शून्य ते दोन या पायऱ्यांचा आहे. विक्रवंडी-तंजावर मार्गाच्या चौपदरी भागात, जिथे पट्ट्या ठसठशीत आहेत आणि मध्ये दुभाजक आहे, तिथे अंतर राखणारी क्रूझ चालकाचा थकवा खरोखर कमी करते. जुन्या रस्त्यावर वळून बाजारात शिरलं की ती बंद करावी. पट्टी राखण्याची मदतही तिथे गैरसोयीची ठरते: कडेच्या सायकलवाल्याला चुकवायला किंचित उजवीकडे घेतलं की पट्टी ओलांडली असं समजून ती स्टिअरिंग परत डावीकडे ढकलू पाहते. डावा इंडिकेटर वा उजवा, योग्य बाजूचा दिला की ती साधारणपणे थांबते. आपत्कालीन ब्रेक मात्र चालूच ठेवावा, आणि काचेमागचा कॅमेरा पाहतो तेवढा भाग शेतातल्या धुळीने माखला नाही ना, हे अधूनमधून बघावं.