खातं मिटवण्याआधी फाइल उघडून पाहा

बिटवॉर्डनवरचं पासवर्डचं खातं कायमचं बंद करायला मिनिटभरही लागत नाही. वेब व्हॉल्टमध्ये `Settings` उघडायचं, मग `My account`, पान अगदी खाली सरकवलं की `Danger zone` लागतो. तिथे `Delete account` दाबून मास्टर पासवर्ड टाकायचा. एवढंच. त्यानंतर कंपनीकडे कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो, कारण मास्टर पासवर्ड तिच्याकडे नसतो आणि मिटवलेलं खातं परत उभं करायची सोयही नसते. म्हणून या लेखातला बहुतेक मजकूर ते बटण दाबण्याच्या आधीचा आहे.

उदाहरण म्हणून ठाण्यातलं एक घर घेऊ. नवरा-बायको दोघंही बिटवॉर्डन वापरतात. स्वतःचे पासवर्ड आपापल्या व्हॉल्टमध्ये आणि वीजबिल, गॅस, मुलीची शाळा, सोसायटीचं ॲप असे सामायिक पासवर्ड दोघांच्या मिळून केलेल्या ‘ऑर्गनायझेशन’मध्ये. आता त्यांना सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर आणायचं आहे, म्हणून कीपासएक्ससी हा मोफत प्रोग्रॅम घेतला. त्यात सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत राहतात आणि ती फाइल आपल्याच जवळ असते. बायकोच्या खात्यात ‘सर्व व्हॉल्ट’ असं पाहिलं तर 243 नोंदी दिसतात. हा आकडा कागदावर लिहून ठेवायचा; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता निर्यात. `Tools` मध्ये `Export vault` आहे. तिथे फाइलीचा प्रकार विचारला जातो आणि पहिली चूक इथेच होते. `.csv` ओळखीचं वाटतं, एक्सेलमध्ये उघडतं, म्हणून लोक तेच निवडतात. पण बिटवॉर्डनच्या सीएसव्हीमध्ये फक्त लॉगिन आणि सुरक्षित टिपा येतात. क्रेडिट कार्डं येत नाहीत, पत्ता-ओळख वगैरे नोंदी येत नाहीत, पासकी येत नाहीत. शिवाय तसं काही राहून गेलंय असं सांगणारी एक ओळही त्या फाइलीत नसते. म्हणून जेसन निवडायचं.

जेसनही दोन तऱ्हांचं. साधं `.json` म्हणजे उघडा मजकूर: नोटपॅडमध्ये फाइल उघडली की बँकेचा पासवर्ड समोर. दुसरं `.json (Encrypted)`, आणि त्यात पुन्हा दोन पर्याय: `Account restricted` आणि `Password protected`. खातं बंद करणाऱ्यासाठी सगळ्यात घातक सापळा या पहिल्या पर्यायात आहे. `Account restricted` फाइल तुमच्या खात्याच्याच किल्लीने कुलूपबंद होते. तीच किल्ली खात्याबरोबर नष्ट होते. म्हणजे फाइल निर्यात केली, जपून पेन ड्राइव्हवर ठेवली, मग खातं मिटवलं, की हातात उरतो तो कधीच न उघडणारा मजकूर. नवं खातं त्याच ईमेलवर, अगदी त्याच मास्टर पासवर्डने काढलं तरी किल्ली नवी तयार होते. जुनी फाइल उघडत नाही. खातं चालू ठेवणाऱ्याला हा पर्याय सोयीचा असेलही, पण निघून जाणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

`Password protected` मध्ये फाइलीसाठी वेगळा पासवर्ड आपण स्वतः ठरवतो आणि ती फाइल खात्यावर अवलंबून राहत नाही. हातातली फाइल कोणत्या जातीची आहे हे ओळखायला सोपी खूण आहे. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि सुरुवातीच्या ओळी पाहा:

```
"encrypted": true,
"passwordProtected": true,
```

दुसरी ओळ असेल तर फाइल तुमच्या पासवर्डने उघडेल. `encrypted` आहे पण `passwordProtected` कुठेच नाही, तर ती खात्याला बांधलेली आहे; लगेच नवी निर्यात करा.

साधी उघडी फाइल टाळण्याचं कारण केवळ भीती नाही. विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हशी जोडलेले असतात, आणि फाइल तिथे ठेवताक्षणी तिची प्रत क्लाउडवर जाते. नंतर लॅपटॉपवरून पुसली तरी तिकडच्या कचरापेटीत ती राहते. एसएसडीवर तर ‘पूर्ण पुसणाऱ्या’ प्रोग्रॅमवरही भरवसा ठेवता येत नाही. चिप नवा मजकूर जुन्याच जागी लिहील याची खात्री नसते. उघडी प्रत कधी तयारच झाली नाही, तर ती पुसायचा प्रश्नच येत नाही.

आपल्या उदाहरणातल्या बायकोने `Password protected` फाइल काढली आणि कीपासएक्ससीमध्ये `Import File` वापरून आत घेतली. ही सोय 2.7.7 या आवृत्तीपासून आहे आणि कुलूपबंद बिटवॉर्डन फाइलही ती वाचते. नोंदी मोजल्या तर 212. कागदावर होते 243. उरलेल्या 31 कुठे गेल्या? त्या सामायिक होत्या. वैयक्तिक निर्यातीत ऑर्गनायझेशनच्या नोंदी येत नाहीत. कागदोपत्री त्या तिच्या नाहीतच, ऑर्गनायझेशनच्या आहेत. त्यांची निर्यात ऑर्गनायझेशनच्या मालकाने `Admin Console` मधून वेगळी करायची असते. दुसरी फाइल आत घेतल्यावर हिशोब जुळला. आकडा आधी लिहून ठेवायचा तो एवढ्यासाठीच: आयात करताना कुठलीही तक्रार येत नाही, आणि 212 नोंदींची यादी डोळ्यांना भरलेलीच वाटते.

आणखी काही गोष्टी या फाइलीत येत नाहीत. नोंदीला जोडलेले कागद (पासपोर्टचं स्कॅन, विम्याची पीडीएफ) जेसनमध्ये नसतात; ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात. `Trash` मधल्या नोंदी आणि `Send` ने पाठवलेल्या गोष्टीही मागेच राहतात. कचऱ्यात काही हवं असेल तर आधी परत वर काढायचं.

मग येतात सहा आकडी कोड. अनेक जण दुहेरी पडताळणीची गुप्त किल्ली पासवर्डच्या शेजारीच साठवतात. ती निर्यातीत `totp` या नावाने येते, पण आली म्हणून गप्प बसू नये. खातं चालू असतानाच जुन्या आणि नव्या ॲपमध्ये एकाच साइटचा कोड शेजारी शेजारी बघायचा. दोन्हीकडे तेच सहा आकडे एकाच वेळी दिसले तर किल्ली नीट आली. सर्वांत आधी तपासायचं ते ईमेलचं खातं, कारण बाकी कुठला पासवर्ड हरवला तर तो बदलण्याचा दुवा तिथेच येतो. ईमेलचा पासवर्ड फक्त व्हॉल्टमध्ये, त्याचा कोडही फक्त व्हॉल्टमध्ये, आणि व्हॉल्ट मिटवलेला, अशी गाठ पडली तर ती सोडवणं फार जिकिरीचं. ईमेलचे रिकव्हरी कोड कागदावर छापून कपाटात ठेवणं मला आजही सगळ्यात बरं वाटतं.

पासकींचं थोडं निराळं आहे. पासकीची खाजगी किल्ली व्हॉल्टमध्ये असते आणि साइटकडे फक्त तिची सार्वजनिक जोडी. पासकी फाइलीतून नेण्यापेक्षा त्या साइटवर जाऊन नव्या ठिकाणी दुसरी पासकी नोंदवावी, तिने एकदा आत शिरून पाहावं आणि मग साइटच्या यादीतून जुनी काढावी. हे काम कंटाळवाणं आहे, पण बहुतेकांकडे पासकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात.

यानंतर थोडे दिवस थांबायचं. नवे पासवर्ड आणि बदल फक्त नव्या ठिकाणी लिहायचे, आणि फोनवर स्वयंभरणासाठी नवं ॲप निवडायचं, नाहीतर सवयीने जुनंच उघडत राहतं. रोजच्या साइट पहिल्याच आठवड्यात तपासल्या जातात. क्वचित लागणाऱ्या, म्हणजे आयकर, पीएफ, एलआयसी, आयआरसीटीसी, मुद्दाम उघडून लॉगिन करून पाहाव्यात. त्यातही पासवर्डाव्यतिरिक्त जास्तीचे रकाने भरलेल्या नोंदी आधी: नेटबँकिंगचा व्यवहार पासवर्ड, सुरक्षा प्रश्नांची उत्तरं. नव्या ॲपमध्ये असे रकाने पुष्कळदा मुख्य पानावर न दिसता आतल्या टॅबमध्ये जातात आणि हरवल्यासारखे वाटतात.

आता बंद करण्याची वेळ. ऑर्गनायझेशनचा एकुलता एक मालक असलेल्या माणसाचं खातं बिटवॉर्डन मिटवू देत नाही. आधी ऑर्गनायझेशन मिटवायची किंवा दुसऱ्याला मालक करायचं. आपल्या घरात दोघंही निघणार आहेत, म्हणून सामायिक फाइल दोघांकडे पोचल्यावर ऑर्गनायझेशन मिटवली. पैसे भरून घेतलेली वर्गणी असेल तर तीही आधी थांबवावी, म्हणजे नंतर कार्डावर काही दिसलं तर विचारायला खातंच उरलेलं नाही असं होत नाही.

`Danger zone` मध्येच शेजारी `Purge vault` असतं. त्याने वैयक्तिक नोंदी आणि फोल्डर पुसले जातात, तेही कचरापेटीत न जाता थेट. पण खातं, ईमेल आणि वर्गणी तशीच राहतात. व्हॉल्ट रिकामा दिसला की खातं बंद झालं असं समजणारे पुष्कळ आहेत. आपल्याला हवं ते `Delete account`.

झालं की नाही हे तपासताना एक गंमत आहे. बिटवॉर्डनचे दोन वेगळे विभाग आहेत, `vault.bitwarden.com` आणि युरोपातलं `vault.bitwarden.eu`, आणि दोन्हीकडची खाती एकमेकांना ओळखत नाहीत. खातं एकीकडे आणि तपासणी दुसरीकडे केली तर ‘पासवर्ड चुकीचा’ असं उत्तर येणारच, खातं मिटलेलं असो वा नसो. म्हणून ज्या पत्त्यावर शेवटचं लॉगिन झालं होतं त्याच पत्त्यावर, माहीत असलेला बरोबर पासवर्ड टाकून नकार मिळाला तरच तो पुरावा. मास्टर पासवर्डच विसरला असेल तर `vault.bitwarden.com/#/recover-delete` इथे ईमेल दिल्यावर मिटवण्याचा दुवा मेलवर येतो. आतल्या नोंदी मात्र त्या वाटेने मिळत नाहीत.

फोन आणि ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये व्हॉल्टची कुलूपबंद प्रत साठलेली असते. बरेच दिवस बंद पडलेल्या जुन्या फोनला खातं मिटल्याची बातमी कळलेलीच नसते, म्हणून तो चालू करून लॉगआउट करायचं आणि ॲप काढायचं. कंपनीच्या बॅकअपमध्ये गेलेल्या प्रती मात्र आपल्या हातात नसतात. लास्टपास या अशाच दुसऱ्या सेवेने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलं की चोरांनी ग्राहकांच्या व्हॉल्टच्या बॅकअप प्रती नेल्या आहेत. पासवर्ड कुलूपबंद होते, पण साइटचे पत्ते उघडे होते. त्या दिवसानंतर खातं मिटवणाऱ्यांची गेलेली प्रत काही परत आली नाही. म्हणून जुना मास्टर पासवर्ड दुसरीकडे कुठेही पुन्हा वापरू नये, आणि तो कच्चा असल्याची शंका असेल तर स्थलांतर झाल्यावर बँक आणि ईमेलचे पासवर्ड बदलून घ्यावेत.

पेन ड्राइव्हवरची ती कुलूपबंद निर्यात फाइल काही महिने असू द्यावी. तिचा पासवर्ड मात्र त्याच पेन ड्राइव्हवर लिहून ठेवू नये.