दिसते ती रक्कम, बेरीज मात्र शून्य

एक्सेलच्या रकान्यात `₹ 1,25,000`, `₹ 48,500`, `₹ 2,10,750` आणि `₹ 7,250` अशा चार रकमा आहेत. खाली `=SUM(B2:B5)` लिहिले की ३,९१,५०० यायला हवेत, पण येतो शून्य. चुकीची खूणही कुठे दिसत नाही. बँकेचे विवरण, सोसायटीच्या पावत्या किंवा पीडीएफमधली बिले जशीच्या तशी चिकटवली की हा प्रकार वारंवार घडतो.

संगणकात रक्कम दोन प्रकारे साठू शकते. एक म्हणजे १२५००० ही निव्वळ संख्या. रुपयाचे चिन्ह आणि स्वल्पविराम हा तिचा केवळ पेहराव, म्हणजे फॉरमॅट. दुसरा प्रकार मजकुराचा. त्यात चिन्ह, मोकळी जागा, आकडे आणि स्वल्पविराम ही सगळी अक्षरेच असतात, एखाद्या नावातल्या अक्षरांसारखी. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. `SUM` मात्र दिलेल्या रकान्यातला मजकूर मुद्दाम वगळते, कारण मध्ये एखादे शीर्षक आले तरी बेरीज अडू नये. चारही रकमा मजकूर असल्या तर बेरजेला काहीच उरत नाही.

मजकुराची संख्या आपोआप का होत नाही, याचे उत्तर बरेचदा संगणकाच्या प्रांत-सेटिंगमध्ये असते. ₹ हे चिन्ह भारत सरकारने २०१० साली स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले. सेटिंग अमेरिकेचे असेल तर एक्सेल डॉलरला चलन मानते. ₹ त्याच्या लेखी एक अनोळखी अक्षर. त्यात पीडीएफ किंवा वेबपानावरून नकल केलेल्या मजकुरासोबत अनेकदा न तुटणारी मोकळी जागा येते. ती साध्या स्पेससारखीच दिसते, पण तिचा क्रमांक १६० आहे आणि `TRIM` तिला हात लावत नाही.

निदान सोपे आहे. `=COUNTA(B2:B5)` भरलेली घरे मोजते आणि `=COUNT(B2:B5)` फक्त संख्या मोजते. पहिल्याचे उत्तर ४ आणि दुसऱ्याचे ० आले, तर सगळा रकाना मजकुराचा आहे. मजकूर सहसा घराच्या डाव्या कडेला टेकतो, पण कोणी रकाना उजवीकडे सरकवलेला असू शकतो, म्हणून नजरेपेक्षा मोजणीवर विसंबणे बरे. लपलेली अक्षरे शोधायला `=LEN(B2)` उपयोगी पडते: `₹ 1,25,000` मध्ये मधल्या जागेसह १० अक्षरे आहेत, आणि उत्तर ११ आले तर शेवटी काहीतरी चिकटलेले आहे.

घराचा फॉरमॅट बदलून ‘नंबर’ केला तरी मजकूर मजकूरच राहतो. बदलतो तो पेहराव. अनावश्यक अक्षरे काढून उरलेल्या आकड्यांची संख्या करावी लागते. त्यासाठी शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र लिहावे:

```
=VALUE(TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
B2,"₹",""),",",""),UNICHAR(160),"")))
```

आतून बाहेर वाचले तर आधी चिन्ह जाते, मग स्वल्पविराम, मग ती १६० क्रमांकाची जागा. `TRIM` कडेच्या साध्या जागा काढते आणि `VALUE` उरलेल्या `125000` ची संख्या करते. सूत्र खाली ओढले की नव्या रकान्याची बेरीज ३,९१,५०० येते. काही ठिकाणी ‘रु.’ च्या जागी `Rs.` आणि शेवटी `/-` असते. तीही याच पद्धतीने काढावी. मात्र `Rs.` मधला टिंबही त्याच्यासोबत गेला पाहिजे. तो मागे राहिला तर `.125000` म्हणजे दशांश होतो, आणि सव्वा लाखाचे साडेबारा पैसे.

सगळ्यात घातक अवस्था शून्याची नाही, कारण शून्य निदान डोळ्यात भरतो. चारपैकी शेवटची रक्कम कोणी हाताने `7250` अशी टाइप केली असेल, तर बेरीज ७,२५० येते आणि ती खरी वाटू शकते. म्हणून `COUNT` आणि `COUNTA` यांची तुलना बेरीज शून्य नसतानाही करावी. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असाच धोका वेगळ्या रूपात येतो. मजकुराची संख्या करताना तो पहिल्या अनोळखी अक्षरापाशी थांबतो. त्यामुळे `₹1,25,000` चा शून्य होतो आणि चिन्हाशिवायच्या `1,25,000` चा चक्क १.

साठवताना घरात फक्त `125000` ठेवावे आणि लाखांचे गट फॉरमॅटवर सोपवावेत. विंडोजचा प्रांत भारत असेल तर `#,##0` एवढ्यानेच लाख-कोटींचे गट पडतात. तसे नसेल तर ‘कस्टम’ फॉरमॅटमध्ये ही ओळ चालते:

```
[>=10000000]"₹ "##\,##\,##\,##0;[>=100000]"₹ "##\,##\,##0;"₹ "##,##0
```

हिची मर्यादा ऋण रकमांत आहे. अशा फॉरमॅटला अटी दोनच देता येतात. त्या इथे कोटी आणि लाखांनी घेतल्या आहेत, त्यामुळे लाखापुढची ऋण रक्कम हजारांच्याच गटांत दिसते. साठवलेली संख्या आणि बेरीज मात्र बरोबर राहतात.