कमी दराचं महाग कर्ज

तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज हवं आहे आणि हातात दोन प्रस्ताव आहेत. पहिल्यात व्याजदर 11 टक्के, दुसऱ्यात 12. दोन्हींची मुदत 3 वर्षं. बहुतेक जण इथेच पहिल्यावर बोट ठेवतात.

हप्ता काढला तर पहिल्याचा येतो 9,822 रुपये, दुसऱ्याचा 9,964. छत्तीस हप्त्यांत पहिलं कर्ज साधारण 5,100 रुपयांनी स्वस्त पडतं. आता प्रोसेसिंग फी पाहा. पहिल्याची अडीच टक्के, म्हणजे 7,500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 8,850. दुसऱ्याची सरसकट 1,000, करासह 1,180. सगळं मिळून पहिल्या कर्जापायी खिशातून जातात सुमारे 3,62,400 रुपये आणि दुसऱ्यापायी 3,59,900. जास्त दराचं कर्जच अडीच हजारांनी स्वस्त निघालं.

शिवाय ही फी बहुधा कर्जाच्या रकमेतूनच कापून घेतात. पहिल्या प्रस्तावात खात्यात 2,91,150 रुपयेच जमा होतात, व्याज मात्र पूर्ण तीन लाखांवर लागतं. हे धरून खरा वार्षिक दर काढला, की पहिल्याचा सुमारे 13.1 टक्के येतो आणि दुसऱ्याचा 12.3. यालाच एपीआर म्हणतात. कर्ज वर्षभरातच फेडून टाकलं तर पहिलं आणखी महाग पडतं, कारण दिलेली फी सहसा परत मिळत नाही. मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार किती, हेही आधीच विचारावं.

इथवर मुदत सारखी होती. माझ्या मते खरी फसगत होते ती मुदतीत. ‘पाच वर्षं करून देतो, हप्ता 6,523 वर येईल,’ असं पहिल्याचा प्रतिनिधी म्हणतो. फी पाच वर्षांत विभागली गेल्याने एपीआरही उतरून सुमारे 12.3 होतो, म्हणजे दुसऱ्या प्रस्तावाच्या बरोबरीला येतो. पण फीसकट एकूण रक्कम होते जवळपास 4,00,200 रुपये, म्हणजे दुसऱ्यापेक्षा 40 हजारांनी जास्त. पैसे दोन वर्षं अधिक वापरायला मिळतात, हे खरं, आणि मोठा हप्ता झेपतच नसेल तर हा मार्ग घ्यावा लागतो. मात्र एपीआरची तुलना सारख्या मुदतीतच करावी, आणि मुदत वेगळी असेल तर एकूण परतफेडही शेजारी लिहावी.

हे गणित स्वतः मांडायची गरज नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ बंधनकारक केलं आहे. त्यात एपीआर, सगळे आकार आणि परतफेडीचं वेळापत्रक असतं, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जाला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. दोन्हीकडून हा कागद मागून घ्या आणि ते तीन दिवस पुरेपूर वापरा.