कव्हर लेटर: दुधाच्या पगारापासून बिलिंगच्या नोकरीपर्यंत

सुप्यात एमआयडीसी आहे, पण तिथले कारखाने मुख्यतः उत्पादनाचे. त्यामुळे पारनेर तालुक्यातून इंजिनीअर झालेली मुलं सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याकडे बघतात आणि अर्जासोबत कव्हर लेटर जोडतात. ‘मी मेहनती आहे, लवकर शिकतो, आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळावी’ असा त्यातला मजकूर असतो. तो कोणत्याही कंपनीला चालतो, म्हणूनच कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

पत्र कुणी वाचतच नाही, हा पहिला समज. हजारो फ्रेशर्स घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांची पहिली चाळणी बहुधा ऑनलाइन परीक्षेची असते. तिथे पत्राला फारसा वाव नसतो. पण छोट्या कंपनीला थेट ईमेल करता, तेव्हा ईमेलचा मजकूर हेच पत्र. तो टीम लीड स्वतः वाचण्याची शक्यता बरीच असते, आणि हा मुलगा आपल्या कोणत्या कामाला लावता येईल, एवढंच त्याला बघायचं असतं.

दुसरा समज जास्त नुकसान करतो: प्रोजेक्ट भारी विषयाचा हवा, गावाकडचा विषय लिहिला तर हसतील. एक उदाहरण घेऊ. समजा, सुप्याच्या एका मुलीने चौघांच्या गटात दूध संकलन केंद्राची प्रणाली केली आहे. रोज सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट आणि एसएनएफ नोंदवायचं, दरपत्रकावरून दर काढायचा आणि दहा दिवसांचा दुधाचा पगार काढायचा. ती अर्ज करतेय ती जागा बॅकएंड डेव्हलपरची. जाहिरातीत जावा आणि एसक्यूएल मागितलंय, स्प्रिंग बूट ‘असल्यास उत्तम’ म्हटलंय, आणि काम आहे ‘बिलिंग प्रणालीची देखभाल व त्रुटींचा शोध’.

रेझ्युमेत तिने ‘दूध डेअरी व्यवस्थापन प्रणाली, जावा, मायएसक्यूएल’ एवढंच लिहिलंय. तेच पत्रात पुन्हा लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं. जाहिरातीतलं ‘त्रुटींचा शोध’ हे तिच्यासाठी कामाचं, कारण प्रोजेक्टमध्ये तेच घडलं होतं. टेबलमध्ये ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला एकच दर साठवलेला होता. दहा दिवसांच्या मध्येच डेअरीने दर उतरवला, गटाने टेबलमधला आकडा बदलला, आणि आधीच्या दिवसांचा हिशोबही नव्या दराने निघाला. शेतकऱ्याच्या हातातली पावती एक सांगत होती, पगाराचं बिल दुसरंच. मग तिने दराला `effective_from` हा तारखेचा रकाना जोडला. ज्या दिवशी दूध घातलं, त्या दिवशी लागू असलेला दर निवडला जाऊ लागला.

पत्र इंग्रजीतून जाईल, पण मधल्या परिच्छेदाचा आशय असा असावा:

‘आपल्या जाहिरातीत बिलिंगमधील त्रुटी शोधण्याचं काम आहे. आमच्या दूध संकलन प्रोजेक्टमध्ये दर बदलल्यावर आधीच्या दिवसांचा हिशोबही बदलत होता. चौघांच्या गटात डेटाबेस आणि बिलाचा हिशोब माझ्याकडे होता. पावत्या आणि बिलं ताडून मी चूक दरपत्रकाच्या टेबलमध्ये असल्याचं शोधलं आणि दर तारखेनुसार साठवले. स्प्रिंग बूट मी अजून वापरलेलं नाही. हे काम साध्या जावामध्ये केलं आहे.’

गटातला आपला वाटा आणि न येणारी गोष्ट, या दोन्ही गोष्टी बहुतेक जण लिहायला घाबरतात. गटाचं काम असेल तर ‘आम्ही’च लिहावं, असं वाटतं, पण ‘आम्ही’ने तुमचा वाटा कळत नाही. आणि सगळ्याच कामाला ‘मी’ लावलं, तर प्रोजेक्टच्या मोबाइल ॲपबद्दल विचारल्यावर अडचण होते, कारण ते दुसऱ्याने केलेलं असतं. न येणारी गोष्ट लपवली की मुलाखतीत ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नातच उघडी पडते. जाहिरातीत जे ‘असल्यास उत्तम’ म्हणून दिलेलं असतं, ते येत नसलं तरी अर्ज करायला हरकत नाही. जे अनिवार्य आहे त्याचा मात्र पुरावा पत्रात हवा.

तिने आपले बाकीचे प्रोजेक्टही पत्रात लिहावेत का? नकोत. ते रेझ्युमेत आहेत. पत्र अडीचशे-तीनशे शब्दांच्या पुढे जाऊ नये, आणि दुसऱ्या कंपनीला पाठवताना हा मधला परिच्छेद नव्याने लिहावा लागतो. तिथे रिपोर्टिंगचं काम असेल, तर याच प्रोजेक्टमधून दहा दिवसांच्या बिलाची क्वेरी पुढे आणायची.

पत्र पाठवण्याआधी त्यातल्या प्रत्येक वाक्यावर पुढचा प्रश्न काय येईल, तो स्वतःला विचारून ठेवावा. इथे तो उघड आहे: दर संध्याकाळच्या संकलनापासून बदलला तर? नुसती तारीख पुरत नाही, सकाळ-संध्याकाळची वेळही साठवावी लागते. तिने तेवढं केलं नसेल, तर प्रोजेक्टची ही मर्यादा आणि तिच्यावरचा उपाय मुलाखतीत सांगता आला पाहिजे.